गोव्यातून दुबईला काजू, आमसुलं, करवंटीच्या वस्तू आणि अझुलेजो म्हणजे रंगवलेल्या चिनीमातीच्या टाइल्स मिळून साधारण ११ सीबीएम, म्हणजे ११ घनमीटर, माल जायचाय. एलसीएल करू, म्हणजे दुसऱ्यांच्या मालासोबत एकाच कंटेनरमध्ये पाठवू, की अख्खा वीस फुटी कंटेनर घेऊ?

पैशापुरतं पाहिलं तर ११ सीबीएमला एलसीएलच स्वस्त पडेल. पण तुमचा माल मिसळीचा आहे, म्हणून निर्णय भाड्यापेक्षा खाण्याच्या मालाच्या कागदपत्रांवर जास्त अवलंबून आहे.

आधी हिशेब. एलसीएलचं भाडं एक सीबीएम किंवा एक टन, यातलं जे जास्त भरेल त्यावर लागतं. काजूची शंभर खोकी म्हणजे सुमारे ४ सीबीएम आणि सव्वादोन टन. टाइल्स जेमतेम १ सीबीएम, पण वजन दीड टन. करवंटीच्या वस्तू याउलट, जागा खूप आणि वजन थोडं. सगळं एकाच बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे जहाजाच्या माल-पावतीवर, गेलं तर एकूण वजन आणि एकूण घनफळ यांची तुलना होते. म्हणजे टाइल्सचं जादा वजन हलक्या मालात जिरतं आणि भाडं ११ सीबीएमचंच लागतं.

दर रोज बदलतात, म्हणून फक्त रीत दाखवतो. समजा दोन्ही टोकांचे खर्च धरून एलसीएल सीबीएममागे ९,५०० रुपये आणि प्रत्येक बिलामागे कागदपत्रांचे १५,००० पडतात. एकूण १,१९,५००. न्हावा शेवाला भरलेला तुमचा स्वतःचा वीस फुटी समजा १,६५,००० ला जातो. मग साधारण १६ सीबीएमच्या पुढे अख्खा कंटेनर परवडू लागेल. तुमच्या गाळ्यावर भरायचा म्हटलं तर रिकामा ट्रेलर न्हावा शेवाहून गोव्यापर्यंत आणून भरून परत न्यावा लागतो, आणि ते दोन्हीकडचं भाडं तुमच्या माथी. त्यापेक्षा माल ट्रकने न्हावा शेवाला नेऊन तिथल्या सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराजवळच्या कंटेनर गोदामात, स्टफिंग म्हणजे कंटेनरमध्ये भरणी करून घेणं या आकाराला बरं.

आता खरी गोम. दुबईत खाद्यपदार्थांची आणि त्यांच्या लेबलांची नोंदणी आयातदाराला पालिकेकडे करावी लागते. आमसुलांचं लेबल अडकलं आणि सगळा माल एकाच कंटेनरमध्ये, एकाच बिलावर असला, तर टाइल्ससुद्धा बंदरातच अडकतात आणि कंटेनरचं दिवसाचं भाडं चढत जातं. म्हणून लेबलं मंजूर नसतील तर एलसीएलच करा, आणि खाण्याचा माल व बाकीचा माल यांची दोन वेगळी बिलं काढा. वरच्या हिशेबात त्यासाठी आणखी १५,००० लागतील, शिवाय टाइल्सचं वजन आता फक्त करवंटीच्या मालात जिरवायचं आहे हे लक्षात ठेवा. स्वतःच्या कंटेनरशी फरक तीस हजारांवर येतो. तरी मी ते पैसे खर्च करीन, कारण एका मालाचं अडणं दुसऱ्याला लागत नाही. अर्थात एलसीएलमध्ये दुसऱ्या कुणाच्या मालासाठी कंटेनर तपासणीला थांबला तर तुमचाही थांबतो. त्यावर इलाज नाही, पार्टीला तारीख देताना आठवडाभर जास्त धरा.

एलसीएलमध्ये शेजारी कोण येणार हे तुम्हाला कळत नाही. अगरबत्ती, मसाले किंवा साबण शेजारी आला तर काजू तो वास धरतो, त्यात तेल असतं ना. व्हॅक्यूम पॅकमधल्या काजूला हा धोका कमी, साध्या पिशवीतल्या काजूला मी एलसीएल देणारच नाही. आमसुलांना मिठामुळे ओल सुटते, तेव्हा आतून जाड प्लास्टिकची पिशवी सील करून मगच खोक्यात भरा. तुमच्या ओलीने दुसऱ्याची खोकी भिजली तर भरपाईचा दावा तुमच्यावर येईल.

टाइल्सच्या पेट्यांच्या लाकडावर आयएसपीएम १५ चा, म्हणजे लाकडावर कीडनाशक प्रक्रिया झाल्याचा, शिक्का हवा. एलसीएलमध्ये फोर्कलिफ्ट त्यांना सीएफएसला, मग स्टफिंगला, मग तिकडे उतरवताना उचलते. म्हणून खाली पॅलेट आणि आत टाइल्स उभ्या ठेवा.

खोकी भरताना फुगू देऊ नका. सीएफएसमध्ये माल पुन्हा मोजतात, आणि टेप फुगवट्यावरून फिरते. ६०×४०×४० सेंटीमीटरच्या चाळीस खोक्यांचे ३.८४ सीबीएम होतात. लांबी, रुंदी, उंची दोन-दोन सेंटीमीटर वाढली की तेच ४.३७. अर्ध्या सीबीएमचं भाडं फुगवट्याला जातं!

फॉरवर्डरकडून भाव घेताना दुबईतले चार्जेस लेखी मागा. आखातासाठी एलसीएलचं समुद्रभाडं कधी कधी जवळजवळ फुकट सांगतात आणि वसुली तिकडे डीओ, म्हणजे माल सोडवायची डिलिव्हरी ऑर्डर, देताना तुमच्या पार्टीकडून करतात. दोन फॉरवर्डरांची तुलना समुद्रभाड्यावर नको, दोन्ही टोकांच्या बेरजेवर करा, आणि दुबईचा आकडा माल निघण्याआधी पार्टीला मेल करून होकार घ्या.