व्हिटॅमिन सी सीरम: अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड की अ‍ॅस्कॉर्बिल ग्लुकोसाइड?

प्रश्न: १५ टक्क्यांचं सीरम लावलं की चेहरा चुरचुरतो. अ‍ॅस्कॉर्बिल ग्लुकोसाइडवालं घेऊ का?

हो, घ्या. चुरचुरण्यामागे बहुतेक वेळा सीरमची आम्लता असते. शुद्ध अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड त्वचेत शिरायला पीएच ३.५ च्या खाली लागतो, म्हणजे त्वचेच्या नेहमीच्या पीएचपेक्षा बराच आम्ल. ग्लुकोसाइड ५ ते ७ पीएचला टिकतं, म्हणून झोंबत नाही.

मात्र त्याची ताकदही कमी. त्याच्या रेणूला साखर जोडलेली असते. त्वचेतल्या एन्झाइमने ती तोडली की मगच व्हिटॅमिन सी सुटं होतं. वजनाच्या हिशेबाने २ टक्के ग्लुकोसाइडमधून, सगळं तुटलं तरी, जेमतेम १ टक्का मिळतं. त्यामुळे डाग फिके व्हायला वेळ लागतो, आणि शुद्ध अ‍ॅसिडइतका भक्कम पुरावाही त्याच्यामागे नाही.

त्वचा दणकट असेल आणि उन्हाचे डाग किंवा बारीक सुरकुत्या हा मुख्य त्रास असेल, तर शुद्धच घ्यावं: १० टक्क्यांपासून सुरुवात, एक दिवसाआड सकाळी, वर सनस्क्रीन. २० टक्क्यांपुढे फायदा वाढत नाही, जळजळ तेवढी वाढते. बाटली छोटी घ्या. मुंबईच्या उकाड्यात उघडलेली बाटली बाथरूममध्ये राहिली तर पाण्यासारखं सीरम चहासारखं तपकिरी होतं. ते सरळ टाकून द्या.

रोझेशिया, एक्झिमा असेल किंवा रात्री रेटिनॉइड चालू असेल, तर ग्लुकोसाइडच बरं. आत्ता मात्र चुरचुर पूर्ण थांबेपर्यंत दोन्ही बंद ठेवा.