छिद्र लहान केले की पिनहोल छायाचित्र स्पष्टच होते का?

प्रश्न: "शंभर मिलिमीटर खोलीच्या, भिंगाऐवजी छिद्र असलेल्या पिनहोल कॅमेऱ्याच्या डब्याला सर्वांत बारीक सुईने भोक पाडले, तरी फोटो धूसर येतो. अजून बारीक करू का?"

नाही, ते मोठे करा. तुमच्या डब्याच्या खोलीला साधारण ०.३७ मिलिमीटर व्यासाचे छिद्र हवे.

हाच वाद मी एका विज्ञान प्रदर्शनात घातला होता. माझ्या विद्यार्थिनीने नेमके या मापाचे छिद्र ठेवले होते आणि परीक्षकांनी ते "आणखी बारीक हवे होते" असे म्हणून तिचे गुण कापले. प्रकाश सरळ रेषेत जातो एवढेच धरले, तर त्यांचे म्हणणे पटण्यासारखे आहे, कारण दूरच्या एका बिंदूपासून येणारा प्रकाश डब्यातल्या छायाचित्राच्या कागदावर छिद्राएवढाच, म्हणजे भौमितिक ठिपका उमटवतो. मात्र छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो, आणि छिद्र जितके अरुंद तितका तो अधिक पसरतो. या विवर्तनाच्या ठिपक्याचा व्यास 2.44λf/d इतका असतो. येथे λ ही तरंगलांबी, f डब्याची खोली आणि d छिद्राचा व्यास.

नंतर मी शाळेत एकाच डब्याला वेगवेगळ्या व्यासाची छिद्रे पाडलेले धातूचे तीन पत्रे आलटून पालटून लावून समोरच्या इमारतीची छायाचित्रे घेतली. हिरव्या प्रकाशासाठी λ ०.०००५५ मिलिमीटर धरा. १ मिलिमीटरच्या छिद्राला भौमितिक ठिपका १ मिलिमीटरचा आणि विवर्तनाचा जेमतेम ०.१३ चा असतो; खिडक्यांचे गज एकमेकांत मिसळले. ०.१५ ला विवर्तनाचाच ठिपका ०.९ मिलिमीटरचा होतो, म्हणून सहापटीहून अधिक छिद्र लहान करूनही गज तसेच नाहीसे झाले. ०.३७ ला दोन्ही ठिपके सारखे होतात आणि तेथे गज वेगळे मोजता आले. परीक्षकांनी ते कागद पाहून धुण्यात दोष असेल असे सांगितले. तिन्ही कागद एकाच द्रावणात एकत्र धुतले होते आणि ०.१५ च्या कागदाला ०.३७ च्या सहापट प्रकाशवेळ दिला होता, त्यामुळे ही सबब टिकत नाही. सूत्र न पाहता गुण कापणे मला आजही अन्यायाचेच वाटते.

तुमचे छिद्र मोजायचे असेल, तर पत्रा स्कॅनरवर २४०० डीपीआयने स्कॅन करा, ०.३७ मिलिमीटर म्हणजे सुमारे ३५ पिक्सेल. कडेला चुरा दिसला, तर बारीक पॉलिश पेपरने घासून काढा.

दोन्ही ठिपके समान मानणे ही केवळ एक कसोटी आहे. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रेली यांच्या नावाने रूढ असलेले सूत्र d = 1.9√(λf) याच डब्याला ०.४५ मिलिमीटर देते, आणि या दोन मापांतला फरक कागदावर फारसा जाणवत नाही. छायाचित्राचा कागद मुख्यत्वे निळा प्रकाश टिपतो, त्यामुळे त्यासाठी माप सुमारे दहा टक्क्यांनी कमी धरावे. वस्तू डब्याच्या अगदी जवळ असेल, तर भौमितिक ठिपका छिद्राहून मोठा पडतो आणि हे गणित तसेच्या तसे लागू होत नाही.