पीटीएसडीमध्ये टाळाटाळ इतकी महत्त्वाची का?

प्रश्न: अ‍ॅबनॉर्मल सायकॉलॉजीच्या पेपरला पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर टिकून राहणारा मानसिक आजार, आहे. लक्षणं पाठ आहेत, पण ट्रॉमावरच्या थेरपीत त्याच आठवणी परत का उकरतात?

उत्तर: कारण आजार टिकवून धरते ती टाळाटाळच. समजा, घाटात ट्रकने उडवलेला एक बाईकस्वार आहे. महिना उलटला तरी डिझेलचा वास आला की अपघात पुन्हा डोळ्यांसमोर घडतो, झोप उडते, हॉर्नला दचकतो, ‘चूक माझीच’ हे डोक्यातून जात नाही. म्हणून तो घाटच टाळतो. तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण ‘आठवण म्हणजे धोका’ हा समज तपासलाच जात नाही.

तोच समज तपासायला मानसशास्त्रज्ञ एड्ना फोआ यांच्या प्रोलाँग्ड एक्स्पोजर या थेरपीत तो बाईकस्वार डोळे मिटून अपघात वर्तमानकाळात सांगतो, रेकॉर्डिंग घरी ऐकतो. भीतीला ० ते १०० गुण देत आधी मागे बसून, मग स्वतः चालवत घाटात जातो. साधारण ८ ते १५ सत्रं लागतात. तपशील गाळून घाईत सांगत असेल, तर तीही टाळाटाळच.

पीटीएसडी होण्याच्या जोखमीत अपघाताच्या तीव्रतेइतकंच नंतर घरच्यांचा आधार मिळाला का, हे बघा. विद्यार्थी नेमकं हेच विसरतात. आधीचे आघातही धरा. आणि घटनेनंतर लगेच सगळ्यांना एकदाच बोलतं करणारं डीब्रीफिंग हा उपचार म्हणून लिहू नका, त्याने पीटीएसडी टळत नाही.