रूमवाईज यादीवरून बॉक्स, टेप आणि बबल रॅपचा हिशोब

प्रश्न: घर बदलायचंय, प्रत्येक रूममधल्या वस्तू मोजून यादी केलीय, आता त्यावरून बॉक्स किती, टेप किती, बबल रॅप किती हे कसं काढायचं?

सगळ्या वस्तू एकाच मापाने मोजू नका, कारण पुस्तकं वजनाने बॉक्स संपवतात आणि काचेची भांडी जागेने. मी हिशोबाला एकच साईझ धरतो, ४५ × ३० × ३० सेंमी, आणि एका बॉक्समध्ये १५ किलोच्या वर जात नाही.

पुस्तकांचं सोपं आहे. दहा पुस्तकं वजनकाट्यावर ठेवून बघा, साडेतीन किलो भरली तर एका बॉक्सला ४० पुस्तकं, म्हणजे १२० पुस्तकांना ३ बॉक्स. बॉक्स अर्धाच भरलेला दिसेल आणि मोह होईल, पण वरची जागा टॉवेल, उशीचे अभ्रे असल्या हलक्या कपड्यांनी भरा. मी एकदा काठोकाठ पुस्तकं भरली होती, उचलताना तळ फुगला, मधली टेप सुटत गेली आणि जिन्यातच सगळी पुस्तकं खाली आली.

ग्लास मात्र गुंडाळून झाल्यावर मोजायचे. ८ सेंमी रुंदीचा ग्लास बबल रॅपचे दोन वेढे दिले की साधारण ११ सेंमीचा होतो, मग एका थरात ८ बसतात आणि दोन थरात १६, म्हणजे २४ ग्लासना दीड बॉक्स. दोन धरा, उरलेल्या जागेत कप टाका. एका ग्लासला ५० × ३० सेंमीचा तुकडा पुरतो आणि १ मीटर रुंद रोलच्या एका मीटरमधून असे ६ निघतात, तर २४ ग्लासना ४ मीटर. ताटांना प्रत्येकी बबल रॅप लावत बसू नका, मध्ये पेपर घालून सहा-सहाची चळत एकत्र गुंडाळा आणि बॉक्समध्ये उभी ठेवा.

टेपला बॉक्सचा आकडा लागतो. तळाला मधल्या फटीवर दोन पट्ट्या, वर एक, प्रत्येक पट्टी दोन्ही बाजूंना ७ सेंमी खाली उतरलेली, आणि तळाच्या आखूड कडांना एकेक, असं धरून वाया जाणारी पकडली तर एका बॉक्सला अडीच मीटर. समजा सगळ्या घराचे मिळून २६ बॉक्स झाले, म्हणजे ६५ मीटर. ६५ मीटरचा एक रोल कागदावर बरोब्बर पुरतो पण बबल रॅप चिकटवायलाही टेप जाते, म्हणून दोन घ्या, आणि रोलवर छापलेली मीटरची लांबी वाचून घ्या, जाडीवरून अंदाज चुकतो कारण आतला पुठ्ठा जाड असू शकतो.

यादीत एक गोष्ट तपासा, "ड्रॉवर १" असं लिहिलंय का? माझा सगळ्यात जास्त आकडा तिथेच चुकला होता. ड्रॉवर, माळा आणि बाथरूमचं कपाट उघडून आतलं मोजा, नाहीतर शेवटच्या रात्री चार-पाच बॉक्स कमी पडतातच.