चाललेली जुनी कॅप्शन पुन्हा टाकताना काय ठेवायचं आणि काय बदलायचं

प्रश्न: माझा घरगुती खाद्यपदार्थांचा छोटा व्यवसाय आहे. इन्स्टाग्रामवरची माझी एक कॅप्शन काही महिन्यांपूर्वी सगळ्यात जास्त चालली होती. ती आता परत वापरायची आहे, पण "हे तर आधीच वाचलंय" असं लोकांना वाटू नये आणि मजकूर शिळाही वाटू नये. नेमकं काय बदलू?

उत्तर:

आधी ती कशामुळे चालली ते बघा, मग काय बदलायचं ते आपोआप कळेल. त्या पोस्टच्या इन्साइट्समध्ये लाइक, कमेंट, शेअर आणि सेव्ह यांचे आकडे वेगवेगळे दिसतात. सेव्ह जास्त असतील तर लोकांना त्यात पुढे कामाला येईल असं काही सापडलं होतं, म्हणजे प्रमाण, कृती, साठवायची पद्धत असं काही. ही माहिती सहा महिन्यांनीही तितकीच उपयोगाची असते, म्हणून अशी कॅप्शन परत वापरायला सगळ्यात चांगली. नुसते लाइक भरपूर आणि बाकी सगळं जेमतेम असेल, तर बहुतेक वेळा काम फोटोने केलेलं असतं. तिथे शब्द बदलत बसू नका, नवीन फोटो काढा.

मी सिंधुदुर्गातल्या एका घरगुती कोकम उद्योगासाठी कॅप्शन लिहिते. ते आगळ, म्हणजे कोकमाचा मीठ घातलेला रस, विकतात. त्यांची मे महिन्यातली ही कॅप्शन खूप सेव्ह झाली होती:

"उन्हाळा आला! थंडगार सोलकढी हवीच ना? एका नारळाच्या दुधाला चार मोठे चमचे आगळ, दोन लसूण पाकळ्या, एक हिरवी मिरची, वर कोथिंबीर. मीठ चव बघूनच घाला, आगळात ते असतंच. यंदाचं ताजं आगळ तयार आहे. ३१ मेपर्यंतच्या ऑर्डरवर कुरिअर मोफत. तुम्हाला सोलकढी आवडते का?"

ही ऑक्टोबरमध्ये परत टाकायची होती. मी आधी तारखेला बांधलेला प्रत्येक शब्द अधोरेखित केला: उन्हाळा, यंदाचं, ताजं, ३१ मे, कुरिअर मोफत. ऋतू आणि तारीख कुणाच्याही लक्षात येते. निसटतो तो "ताजं" हा शब्द. कोकमाची फळं एप्रिल-मेमध्ये पिकतात, पावसाच्या तोंडावर हंगाम संपतो. ऑक्टोबरमध्ये "ताजं आगळ" लिहिलं तर कोकणातला माणूस लगेच ओळखतो की हे जुनंच उचलून चिकटवलंय, आणि मग बाकीच्या शब्दांवरचाही त्याचा विश्वास उडतो. तुमच्या कॅप्शनमध्येही असे शब्द असतील: नवीन, यंदा, सध्या, पहिल्यांदाच, जुना भाव, बदललेलं पाकीट. ते आधी काढा.

अधोरेखित शब्द काढल्यावर जे उरलं ते सोलकढीचं प्रमाण. लोकांनी सेव्ह केलं होतं तेच. त्याला मी हात लावला नाही. बरेच जण इथेच उलटं करतात: वेगळं दिसावं म्हणून उपयोगाची ओळच फिरवून लिहितात आणि सुरुवात-शेवट जसेच्या तसे ठेवतात. पण वाचणाऱ्याला ओळखीची वाटते ती पहिली ओळ. फीडमध्ये साधारण सव्वाशे अक्षरांनंतर कॅप्शन तुटते आणि "more" दिसतं. म्हणजे आपल्या वाट्याला तिथे थोडेच शब्द येतात. रीलखाली तर त्याहूनही कमी. पहिली ओळ तीच राहिली तर आतलं सगळं नवीन असूनही वाचणारा तिथूनच पुढे सरकतो.

मग नवीन पहिली ओळ आणायची कुठून? जुन्या पोस्टच्या कमेंटमधून. मला याहून चांगली जागा अजून सापडलेली नाही. सोलकढीच्या पोस्टखाली लोक दोनच गोष्टी परत परत विचारत होते: आमची फाटते, असं का होतं? आणि आगळ नसेल तर आमसुलं चालतील का? ही उत्तरं मूळ कॅप्शनमध्ये नव्हती. ती घातली की ज्याने मेमध्ये पोस्ट सेव्ह केली होती त्यालाही काहीतरी नवीन मिळतं. ऑक्टोबरची कॅप्शन अशी झाली:

"आगळ घातल्यावर सोलकढी गॅसवर ठेवू नका, फाटते. प्रमाण मेमध्ये दिलं होतं तेच: एका नारळाच्या दुधाला चार मोठे चमचे आगळ, दोन लसूण पाकळ्या, एक हिरवी मिरची, वर कोथिंबीर. आगळ नसेल तर आठ-दहा आमसुलं अर्धी वाटी कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, कुस्करा आणि ते पाणी गाळून वापरा. मीठ मात्र चव बघून वेगळं घालावं लागेल. ऑक्टोबरच्या उन्हात दुपारच्या जेवणाला करून बघा. मेमध्ये भरलेलं आगळ अजून शिल्लक आहे. तुमच्याकडे सोलकढी भातावर घेतात की जेवण झाल्यावर पितात?"

शेवटचा प्रश्नही बदललाय, ते बघा. "आवडते का?" याला लोक "हो" म्हणतात आणि विषय संपतो. भातावर की नंतर, यावर घराघरात मतभेद आहेत, त्यामुळे लोक दोन ओळी लिहितात. त्या कमेंट पुढच्या वेळच्या कॅप्शनचा कच्चा माल होतात.

"मेमध्ये दिलं होतं तेच" हे मी मुद्दाम ठेवलं. आधी वाचलेल्याला आपण सरळ सांगतोय की हो, हे आधी दिलं होतं आणि त्यात आता भर घातली आहे. असं सांगितल्यावर पुनरावृत्ती खटकत नाही. "खास तुमच्या आग्रहास्तव" मात्र कुणी खरंच मागितलं असेल तरच लिहा.

फोटो तोच ठेवू नका. लोक आधी चित्र ओळखतात, वाचतात नंतर. तोच तांब्या, तोच ओटा दिसला की कॅप्शन कितीही बदलली तरी पोस्ट जुनीच वाटते. मेमध्ये भरलेल्या पेल्याचा फोटो होता, ऑक्टोबरमध्ये आम्ही वाटीत भिजलेल्या आमसुलांचा टाकला. त्यामुळे फोटो आणि नवी माहिती एकमेकांना धरून राहिली.

जुनी पोस्ट काढून टाकू नका, नाहीतर ज्यांनी ती सेव्ह केली आहे त्यांच्याकडूनही ती जाईल. तिची कॅप्शन एडिट करून फक्त संपलेली सवलत आणि जुना भाव तेवढा दुरुस्त करा. जुनीच एडिट करून भागेल असं मात्र समजू नका. एडिट केल्याने ती फीडमध्ये नव्याने वर येत नाही, त्यासाठी नवीन पोस्टच लागते.

नवीन पोस्ट आठवडाभर राहू द्या आणि मग दोन्हींची तुलना करा. लाइकवरून काही ठरवू नका. किती लोकांपर्यंत पोचली आणि त्यातल्या किती जणांनी सेव्ह केली, हे प्रमाण बघा. पोस्ट कमी लोकांपर्यंत पोचली पण सेव्हचं प्रमाण तेवढंच राहिलं, तर मजकुरात अजून दम आहे, वेळ किंवा फोटो बदलून बघा. चांगल्या संख्येने लोकांपर्यंत पोचूनही सेव्ह बरेच घटले, तर ज्यांना ती माहिती हवी होती त्यांना ती मिळालेली आहे. मग तिसऱ्यांदा त्याच रूपात टाकू नका. तीच कृती हाताने करून दाखवणारी छोटी रील करा आणि कॅप्शनमध्ये फक्त प्रमाण लिहा.