पागोळी

निवृत्त झाल्यावर असं कधी कळलं का, की आपण विसरून गेलेलं एखादं काम दूरवर कुणाच्या तरी उपयोगी पडतंय?

हो, गेल्या श्रावणात कळलं.

मी रत्नागिरीकडचा. जन्मभर कारकुनी केली. निवृत्तीनंतर दोन वर्षं गणपतीच्या आधी वाडीतल्या देवळात पोरांना जाखडीची गाणी समजावून सांगायचो. आधी गण, मग गवळण, मग शक्तीवाले-तुरेवाल्यांचे सवाल-जवाब. गाणी वडिलांच्या वहीतली. पुतण्याने ते सगळं मोबाइलवर घेऊन यूट्यूबवर टाकलं होतं. पुढे पोरं मुंबईला गेली, माझं बोलणं थांबलं.

एका संध्याकाळी पुतण्याचा फोन आला, "काका, मॉरिशसच्या एक बाई तुमच्याशी बोलायचं म्हणतायत." १८३४ नंतर तिकडच्या उसाच्या मळ्यांवर जे मजूर गेले, त्यांत आपली कोकणातली माणसंही होती. गणपतीत तिथे अजून जाखडी नाचतात; झाकरी म्हणतात तिला. बाई तिथल्या शाळेत मराठी शिकवतात. म्हणाल्या, "आजोबा, तुमची गवळण आम्ही बसवली. पण ओळ संपते आणि पाय चालूच राहतात. तिथे काय गायचं?"

मी त्यांना फोनवरच म्हणून दाखवायला लावलं. ओळ झाली, आणि पुढे नुसते चाळ वाजत राहिले. चूक माझी होती. जाखडीत गाणारे-वाजवणारे मध्ये बसतात, नाचणारे भोवती गोल धरतात. आमच्याकडे बुवा ओळ म्हणतो, तिचा शेवटचा तुकडा झीलकरी उचलतात आणि त्या झिलीवर गोल फिरतो. वहीत झील कुणी लिहीत नाही, ती सगळ्यांच्या तोंडात असते. मी वहीतून ओळी वाचून अर्थ सांगत गेलो. समोरच्या पोरांना तेवढं पुरत होतं. समुद्रापलीकडे कुणी ऐकेल हे मनातच आलं नव्हतं. त्या रात्री तुकडा कुठून तोडायचा, झील किती वेळा घ्यायची, हे त्यांना प्रत्येक कडव्याला म्हणून दाखवलं.

फोन ठेवताना त्यांनी विचारलं, "आणि ही पागोळी कोण? राधेची मैत्रीण का?" गवळणीत घागर पागोळीखाली ठेवल्याची ओळ आहे. देवळातल्या त्या बोलण्यात मी तिचा अर्थ सांगितला नव्हता; कोकणात पागोळी कुणाला सांगावी लागते? आता शब्दांत सांगत बसलो नाही. बाहेर पाऊस होता. पडवीत गेलो, कौलांच्या कडेवरून धार गळत होती तिच्याजवळ फोन धरला. खाली तांब्याची कळशी होती, तीत पाणी पडत होतं.

बराच वेळ पलीकडून कुणी बोललं नाही. मग बाईंनी वर्गातल्या मुलांना हाक मारली, आणि मला म्हणाल्या, "आजोबा, अजून थोडा वेळ धरा."