पाचटाच्या गांडूळखतात कर्ब-नत्र गुणोत्तर, ओलावा आणि पक्वतेची परीक्षा

प्रश्न: 12 × 4 फुटांच्या बेडमध्ये 100 किलो उसाचे पाचट आणि 300 किलो ताजे शेण थरांनी भरले आणि लगेच गांडुळे सोडली. आठवड्यात निम्मी बाहेर पडून मेली. आता 75 दिवस झाले, वर काळे खत दिसते पण खाली पाचट तसेच आहे. कर्ब-नत्र गुणोत्तर आणि ओलावा यांत काय चुकले? खत तयार झाले हे कसे ओळखावे?

उत्तर:

मी कराड भागात गेली काही वर्षे पाचटाचेच खत करतो, आणि माझा पहिला बेडही मे महिन्यात असाच रिकामा झाला होता. त्या वेळी मलाही वाटले होते की पाचटाच्या तिप्पट शेण म्हणजे भरपूर नत्र. तिथेच हिशेब फसतो, कारण ताज्या शेणात सुमारे 80 टक्के पाणी असते. कर्ब-नत्र गुणोत्तर कोरड्या वजनावर काढायचे असते, आणि दोन पदार्थांच्या गुणोत्तरांची सरासरी काढूनही भागत नाही. प्रत्येकातील कर्बाचे किलो आणि नत्राचे किलो वेगळे मांडून मग भागाकार करावा लागतो.

तुमचेच आकडे घेऊ. सोयीसाठी पाचट पूर्ण कोरडे आहे असे धरतो. त्यात साधारण 45 टक्के कर्ब आणि 0.45 टक्के नत्र असतो, म्हणजे 100 किलोंत 45 किलो कर्ब आणि केवळ 450 ग्रॅम नत्र. गुणोत्तर 100. 300 किलो ताज्या शेणातून पाणी वजा केले की 60 किलो कोरडा भाग उरतो. त्यात 36 टक्के कर्ब आणि दीड टक्का नत्र धरला, तर 21.6 किलो कर्ब आणि 900 ग्रॅम नत्र मिळतो. दोन्हींची बेरीज 66.6 किलो कर्ब आणि 1.35 किलो नत्र, म्हणजे गुणोत्तर 49. जिवाणूंना सुरुवातीला 25 ते 35 मानवते. 49 असले तरी कुजणे थांबत नाही, पण नत्र अपुरा पडल्याने ते रेंगाळते. खालचे पाचट तसेच दिसण्याचे हे एक कारण आहे. दुसरे कारण थरांची रचना. थर लावले की शेणाचे गुणोत्तर शेणात आणि पाचटाचे पाचटातच राहते, कागदावरचा आकडा प्रत्यक्षात कुठेच नसतो. म्हणून पाचटाची कुट्टी करून ते शेणकाल्यात कालवणे, हे मी कोणत्याही कल्चरपेक्षा महत्त्वाचे मानतो.

नत्राची तूट भरायला बांधावरच्या गिरिपुष्पाचा पाला उत्तम. 100 किलो ओल्या पाल्यात सुमारे 25 किलो कोरडा भाग असतो. त्यातून साडेदहा किलो कर्ब आणि पाऊण किलो नत्र आला, की एकूण गुणोत्तर 37 पर्यंत उतरते. शेतातील पाचट कुजवताना टनाला 8 किलो युरिया देण्याची जी प्रचलित शिफारस आहे, त्या हिशेबाने 100 किलोंना 800 ग्रॅम युरिया दिल्यास आकडा 39 येतो, म्हणजे जवळपास तेच. पाचटातील बराचसा कर्ब लिग्निन या चिवट घटकात अडकलेला असतो आणि जिवाणूंच्या हाती लवकर लागत नाही, त्यामुळे 37 वर काम व्यवस्थित चालते. मात्र युरिया गांडुळे असलेल्या बेडमध्ये कधीही टाकू नये. त्यातून सुटणारा अमोनिया त्यांना मारतो. तो बेड भरण्याआधी मिश्रण कुजवायच्या ढिगातच द्यावा.

हा आधीचा ढीग तुमच्याकडून राहिला, आणि गांडुळे मेली ती बहुधा त्यामुळेच. ताजे शेण आणि कुट्टी एकत्र आली की तीन-चार दिवसांत आतले तापमान 55 ते 60 अंशांपर्यंत चढू शकते. आयसेनिया फेटिडा जातीची गांडुळे 35 अंशांपलीकडे तग धरत नाहीत. म्हणून मिश्रण बेडबाहेर 15 ते 20 दिवस कुजवावे, मध्ये दोनदा पालटावे आणि ते थंड झाल्यावरच बेड भरावा. थंड झाले का, हे पाहण्यासाठी ढिगाच्या मध्यभागी लोखंडी सळई दहा मिनिटे खुपसून ठेवावी. बाहेर काढल्यावर ती हाताला कोमटही लागता कामा नये. तरी शंका उरली तर एका कोपऱ्यात पन्नासेक गांडुळे सोडून दुसऱ्या दिवशी ती खाली शिरली आहेत का ते पाहावे.

ओलाव्याचाही हिशेब याच आकड्यांतून निघतो. पाचट, शेण आणि पाला मिळून 185 किलो कोरडा भाग आणि 315 किलो पाणी, म्हणजे 500 किलोंत 63 टक्के ओलावा. ढिगासाठी 50 ते 60 आणि गांडुळांसाठी 60 ते 75 टक्के योग्य असल्याने सुरुवातीला वेगळ्या पाण्याची फारशी गरज नसते. अडचण अशी, की पाचटाच्या पृष्ठभागावर मेणासारखा थर असतो आणि तो पाणी लवकर धरत नाही. पाइपने मारलेले पाणी तळाशी जमते, तिथे हवा कोंडते, आंबूस वास सुटतो आणि वर पाचट कोरडेच राहते. त्यामुळे थोडे थोडे शिंपडावे आणि तपासणी वरच्या नव्हे, मधल्या थराची करावी. तिथली मूठभर सामग्री घट्ट दाबल्यावर बोटांमधून दोन-तीन थेंब आले तर ओलावा बरोबर आहे. धार लागली तर पाणी थांबवून कोरडी कुट्टी मिसळावी, आणि मूठ उघडताच लाडू फुटला तर पाणी द्यावे.

आता पक्वता. काळा रंग आणि चहाच्या भुकटीसारखे दाणे पाहून बरेच जण खत काढतात. ते दाणे म्हणजे वरच्या थरातील विष्ठा असते, खाली काय आहे ते त्यावरून कळत नाही. प्रयोगशाळेत 20 च्या खाली कर्ब-नत्र गुणोत्तर अपेक्षित असते. कर्ब वायुरूपाने निघून जातो आणि नत्र बराचसा मागे राहतो, म्हणून हा आकडा उतरतो. पण केवळ त्यावर विसंबू नये. भाजीपाल्याच्या कच्च्या कचऱ्याचे गुणोत्तर पहिल्याच दिवशी 20 च्या आत असू शकते आणि तो काही खत नसतो.

मी दोन परीक्षा करतो. मधल्या थराचे ओलसर खत प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून तीन दिवस सावलीत ठेवतो. उघडल्यावर आंबट किंवा अमोनियाचा वास आला तर ते कच्चे, पावसानंतरच्या मातीसारखा आला तर पुढची परीक्षा. त्यात एक भाग खत दहा भाग पाण्यात ढवळून गाळतो. दोन ताटल्यांत कागदावर मोहरीचे 20-20 दाणे ठेवून एकीत साधे पाणी आणि दुसरीत हा अर्क घालतो, आणि तीन-चार दिवसांनी मुळे मोजतो. समजा, साध्या पाण्यात 18 दाणे उगवले आणि मुळांची सरासरी लांबी 30 मिलिमीटर भरली, अर्कात 17 उगवले आणि लांबी 27 भरली. मग उगवण 94 टक्के, लांबी 90 टक्के, आणि दोन्हींचा गुणाकार, म्हणजे उगवण निर्देशांक, 85 टक्के. 80 च्या वर खत निर्धास्त वापरावे. अर्कात 13 दाणे आणि 14 मिलिमीटर लांबी असती, तर निर्देशांक जेमतेम 34 आला असता. असे खत मुळांना बाधते, शिवाय ते जमिनीत कुजताना तिथलाच नत्र ओढून घेते आणि रोपे पिवळी पडतात.

तुमच्या बेडपुरते सांगायचे, तर तो पूर्ण मोडू नका. पाणी पाच-सहा दिवस थांबवा, गांडुळे खाली उतरतील. वरचा काळा थर काढून सावलीत पसरा आणि 4 मिलिमीटरच्या चाळणीने चाळा. खत विकणार असाल तर खत नियंत्रण आदेशाप्रमाणे गांडूळखतात ओलावा 15 ते 25 टक्के हवा. चाळणीवर उरलेले आणि तळाचे पाचट गिरिपुष्पाच्या पाल्यात आणि पातळ शेणकाल्यात कालवून वेगळ्या ढिगात थंड होऊ द्या. तोवर बेडमधल्या गांडुळांना जुने, निवलेले शेण पुरवा आणि मग हे मिश्रण बेडच्या अर्ध्या भागात भरा. ते मानवले, तर गांडुळे आपणहून तिकडे सरकतील.